व्हायव्हा: ऑटोक्लेव्हमध्ये जंतू दाबाने मरत नाहीत

‘ऑटोक्लेव्हमधले जंतू १५ पौंडांच्या दाबाने मरतात, असंच व्हायव्हात सांगायचं ना?’

नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारं यंत्र; त्यात जंतूंना मारते ती दमट उष्णता: वाफ गार वस्तूवर पाणी होऊन बसते, आपली सुप्त उष्णता तिथेच सोडते आणि जंतूंची प्रथिने साकळतात. दाब फक्त वाफेचं तापमान वाढवतो. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. काट्यावर १५ पौंड असले तरी वाफ समुद्रसपाटीवरच्या १२१ऐवजी जेमतेम १२० अंशांची असते. म्हणून तापमापक बघा.

पुढचा प्रश्न हमखास येतो: काटा १५ वर, २० मिनिटं झाली, तरी जंतूंचे चिवट बीजाणू का जगले? कारण आत हवा राहिली. निम्मी हवा अडकली तर त्याच दाबाला तापमान ११२च्या आसपासच राहतं. सांगायचं उत्तर: हवेची तोटी उघडी ठेवून पाणी उकळवायचं आणि तोटीची रबरी नळी पाण्याच्या बादलीत बुडवायची. हवेचे बुडबुडे थांबले की तोटी बंद करायची. १२१ अंश आल्यावरच १५ मिनिटं मोजायची. तोटी पुन्हा उघडण्याआधी नळी बाहेर काढा हं, नाहीतर गार झालेल्या यंत्रात बादलीतलं पाणी ओढलं जातं.