व्हिडिओंची वर्गणी की सभासदांचं मंडळ?

दर आठवड्याला स्वयंपाक शिकवणारी व्यक्ती पैसे घेऊन सभासद करायचं ठरवते, तेव्हा आपण नेमकं काय विकतोय हे बऱ्याचदा तिलाच स्पष्ट नसतं. एक असते वर्गणी: महिन्याचे पैसे भरा, नवे व्हिडिओ बघा, जुना साठाही तुमचाच. दुसरं असतं मंडळ: पैसे भरा आणि या आठवड्यात आमच्याबरोबर रांधा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीकडे मासिक शुल्क, दोन्हीकडे लॉगिन, दोन्हीकडे एखादा ग्रुप. पहिला महिना तर दोन्हींचा उत्साहातच जातो. फरक कळतो साधारण तिसऱ्या महिन्यात, गळती सुरू झाल्यावर.

सोडून जाणाऱ्यांना कारण विचारलं, की वर्गणीवाल्यांकडून एक ठरलेलं उत्तर येतं: ‘छान आहे, पण वेळच मिळत नाही, मागचं बरंच साचलंय.’ शिकवणारी व्यक्ती हे ऐकून बिथरते आणि आठवड्याला एकाऐवजी दोन व्हिडिओ टाकू लागते. पण साचल्याचं ओझं झालेल्या माणसापुढे आणखी ढीग टाकला, तर तो लवकरच जाणार. वर्गणीत साठा वाढतो तसा अपराधीपणाही वाढतो. मंडळात असं होत नाही, कारण गेला आठवडा चुकला तर चुकला, या आठवड्याचा पदार्थ सगळ्यांसाठी नवाच असतो.

मग मंडळात पैसे कशाचे? कृतीचे तर नक्कीच नाहीत, कृती फुकटात पसाभर मिळतात. पाव बनवण्याचंच उदाहरण घेऊ. व्हिडिओत सांगितलेलं असतं, ‘यीस्ट घातलेली कणीक तासभर झाकून ठेवा.’ शिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात तीस अंश तापमान असेल, तर त्या तासाभरात कणीक छान फुगते. बघणाऱ्याकडे वीसच अंश असेल, तर तेवढ्याच फुगण्याला दोन तासही लागू शकतात. व्हिडिओला हे कळत नाही. पाव दगडासारखा होतो, आणि बघणारा ठरवतो की आपल्याला जमत नाही.

मंडळात तोच माणूस कापलेल्या पावाचा फोटो टाकतो. जाणकार नजरेला त्यातून बरंच दिसतं. आतला भाग दाट, चिवट आणि मध्येच एखादं मोठं भोक असेल, तर कणीक बहुधा पुरती फुगलेली नव्हती. पाव पसरट, वरून खचलेला असेल, तर ती जास्त वेळ राहिली असावी. पुढच्या वेळी घड्याळाकडे न बघता बोटाने दाबून बघा, असं त्याला सांगता येतं. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबायचं, सावकाश आणि अर्धवट भरला तर भट्टीत घालायचं, भरलाच नाही तर उशीर झालाय. हे ऐकून तो दुसऱ्यांदा करतो, आणि पाव फुगतो. पैसे या दुसऱ्या प्रयत्नाचे आहेत.

आता आकड्यांत बघू. समजा दोन्हीकडे शंभर सभासद आहेत आणि नवं कुणीच येत नाही. वर्गणीतून दरमहा शंभरातले दहा जातात असं धरलं, तर वर्षाने उरतात सुमारे २८. मंडळातून चार जातात असं धरलं, तर उरतात सुमारे ६१. शंभरावर टिकून राहायला पहिल्याला महिन्याला दहा नवी माणसं शोधावी लागतात, दुसऱ्याला चार. सरासरी सभासद एकीकडे दहा महिने राहतो, दुसरीकडे पंचवीस. हे आकडे नुसते मानलेले आहेत, आपले आपण मोजायचे. मोजताना वर्षभराचे पैसे आगाऊ भरणारे वेगळे काढा. ते वर्षभर हलत नाहीत, त्यामुळे गळती झाकली जाते आणि बाराव्या महिन्यात एकदम अंगावर येते. कार्डाची मुदत संपल्यामुळे ज्यांचं शुल्क कापलं गेलं नाही, तेही वेगळे. ते सोडून गेलेले नाहीत, त्यांना फक्त आठवण करून द्यायची असते.

मंडळाची मर्यादा मात्र वेगळीच आहे, आणि ती सोसत नाही म्हणून बरेच जण हळूहळू परत वर्गणीकडे सरकतात. शंभर सभासदांतून आठवड्याला वीस फोटो आले आणि प्रत्येकाला पाच मिनिटं दिली, तर शंभर मिनिटं जातात. तीनशे झाले की साठ फोटो, म्हणजे पाच तास, तेही शूटिंग आणि खरेदी सोडून. इथे प्रत्येकाला उत्तर देण्याचा हट्ट सोडावा लागतो. साठ फोटोंत साठ चुका नसतात, चुका असतात पाच-सहाच. त्या प्रत्येकीचा एक-एक फोटो, संबंधिताला विचारून, निवडायचा आणि सगळे एकत्र रांधतात त्या थेट वर्गाच्या सुरुवातीला वीस मिनिटं त्यांवरच बोलायचं. उरलेल्या पंचावन्न जणांना त्यात आपली चूक सापडते.

त्याच वेळी एक गोष्ट मोजत राहा: किती प्रश्नांना शिकवणाऱ्याच्या आधी दुसऱ्या सभासदाने उत्तर दिलं? हे जवळजवळ शून्य असेल, तर नाव मंडळ असलं तरी तुम्ही तक्रार खिडकी चालवताय. उपाय सोपा आहे, पण अहंकाराला जड जातो. प्रश्न आल्यावर काही तास गप्प बसायचं. शिवाय बारा-पंधरा जणांचे छोटे गट करून प्रत्येकात एका मुरलेल्या सभासदाला आधी उत्तर द्यायला सांगायचं. तीनशेच्या ग्रुपमध्ये करपलेल्या पदार्थाचा फोटो टाकायला माणूस लाजतो, बारा जणांत टाकतो.

थेट वर्गाचीही एक नेहमीची चूक सांगून ठेवतो. सामानाची यादी आदल्या रात्री पाठवली, की अर्धे लोक नुसते बघत बसतात, आणि मंडळाचा पुन्हा व्हिडिओ होतो. यादी तीन दिवस आधी हवी, आणि त्यात आधीच चिरून, भिजवून ठेवायचं काय तेही हवं. वेग ठेवायचा तो सगळ्यात हळू हाताचा.

वर्गणी वाईट आहे असं नाही. सुरी धरणं, चिरणं, कणीक मळणं अशी एकदा शिकून संपणारी कौशल्यं रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंतच चांगली, कारण ती थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघता येतात. फक्त ती मासिक शुल्काला बांधू नका. एकदाच किंमत घेऊन अभ्यासक्रम म्हणून विका. जे संपणार आहे त्याचे दरमहा पैसे घेतले, तर संपल्यावर माणूस जाणारच. मंडळातला जुना साठाही महिन्यांच्या क्रमाने ढीग करून ठेवू नका. चालू चार आठवडे समोर ठेवा, बाकीचं विषयवार आत, हवं त्याने शोधावं.

ज्यांच्याकडे आज नुसता साठा आहे आणि मंडळ करायचं मनात आहे, त्यांनी सगळ्यांना एकदम आवतण देऊ नये. पंचवीस जण घ्या, चार आठवडे ठरवा, आठवड्याला एकच पदार्थ, आणि पहिला इतका सोपा की फोटो टाकायला कुणी कचरणार नाही. पहिल्या फोटोंना भुलू नका, ते नवलाईचे असतात. पदार्थ बिघडल्यावर तोच पुन्हा करून दुसरा फोटो किती जणांनी टाकला, ते चौथ्या आठवड्याच्या शेवटी मोजा. माझ्या मते पंचविसातले दहा तरी निघाले तर मासिक शुल्क लावायला हरकत नाही. दोन-तीनच निघाले तर सध्या अभ्यासक्रमच विकावा.