काळपुळीची म्हैस फाडत का नाहीत

गोरेगावच्या एखाद्या तबेल्यातली म्हैस रात्री नीट खाऊन-पिऊन बसलेली, सकाळी धार काढायला माणूस गेला तर मेलेली. पोट फुगलेलं, नाकातून न गोठणारं काळपट रक्त येतंय आणि पाय अजून ताठ झालेले नाहीत. जवळच्या चार जणांपैकी कुणी म्हणतं साप चावला, कुणी म्हणतं पोटफुगी, आणि एकजण तरी हमखास म्हणतोच, डॉक्टरला बोलवा, पोट फाडून बघू दे. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, तिथे आमच्या डोक्यात पहिल्यांदा कोरलं गेलं ते हेच, की असं दृश्य दिसलं तर सुरी खिशातच ठेवायची.

कारण हा अँथ्रॅक्स असू शकतो, आपल्याकडे ज्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात तो. त्याचा जंतू बॅसिलस अँथ्रॅसिस, आणि त्याच्याकडे दोन हत्यारं असतात, दोन्हींच्या जीन्स दोन वेगवेगळ्या छोट्या डीएनए-रिंगांवर, म्हणजे प्लास्मिडवर.

पहिलं हत्यार म्हणजे कॅप्सूल, जंतूभोवतीचं चिकट आवरण. बहुतेक जंतूंचं आवरण साखरेचं असतं, याचं ग्लुटामिक अ‍ॅसिड या अमिनो आम्लाच्या साखळीचं, आणि तेही आरशातल्या उलट्या रूपातलं, जे आपल्या शरीराच्या प्रोटीनमध्ये वापरलंच जात नाही. त्यामुळे आपली यंत्रणा त्याला धड ओळखतही नाही, तोडतही नाही, आणि जंतू गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशींना ते पकडता येत नाही.

दुसरं हत्यार विष, ते तीन प्रोटीनचं, आणि गंमत अशी की तिन्ही एकेकटी निरुपद्रवी आहेत. एकाचं नाव प्रोटेक्टिव्ह अँटिजेन, लस त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करते म्हणून ते नाव पडलं, पण काम दार उघडायचं. ते पेशीवर चिकटतं, पेशीचंच एक एन्झाइम त्याचा तुकडा कापतं, मग असे साधारण सात मिळून एक कडं बनवतात. त्या कड्यावर बाकीचे दोन येऊन बसतात, लीथल फॅक्टर आणि एडिमा फॅक्टर. पेशी ते सगळं आत ओढून घेते, आतल्या पिशवीत आम्लता वाढली की कड्याचं भोक तयार होतं आणि दोघं त्यातून आत सरकतात. एडिमा फॅक्टर पेशीतल्या एका संदेशवाहक रसायनाचा पूर आणतो, म्हणून सूज आणि पाणी साठणं. लीथल फॅक्टर पेशीच्या सिग्नलची साखळी कात्रीसारखी कापतो. दोघं मिळून आधी पांढऱ्या पेशींनाच निकामी करतात, म्हणजे ज्या लढणार होत्या त्याच गेल्या. म्हणून उपचार उशिरा सुरू झाले तर पेनिसिलिनने जंतू मरतात पण आधीच सुटलेलं विष काम करतच राहतं.

आता मेलेल्या म्हशीकडे परत येऊ. तिच्या एक मिलिलीटर रक्तात कोट्यवधी जंतू असू शकतात, पण ते वाढीच्या अवस्थेतले, म्हणजे तसे नाजूक. शरीर बंद असलं की आत ऑक्सिजन संपतो, आतड्यातले सडवणारे जंतू पसरतात आणि उन्हाळ्यात काही दिवसांतच अँथ्रॅक्सचे जंतू बरेचसे मरून जातात. ऑक्सिजन मिळाला तरच त्यांना स्पोर बनवता येतात, म्हणजे जाड कवचात झोपलेलं टिकाऊ रूप घेता येतं. पोट फाडलं की नेमकं तेच मिळतं, हवा. मग रक्त सांडलेल्या जागी तयार झालेले स्पोर मातीत अनेक दशकं टिकतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये ब्रिटिशांनी अँथ्रॅक्स शस्त्र म्हणून वापरायचे प्रयोग केले, ते बेट १९८६ मध्ये समुद्राचं पाणी आणि फॉर्मल्डिहाइड फवारून साफ करावं लागलं आणि १९९० ला सुरक्षित जाहीर झालं.

मग निदान कसं? कानाच्या शिरेतून थोडंसं रक्त, हातात ग्लोव्हज घालून, स्लाइडवर पातळ पसरायचं, मिथिलीन ब्लूने रंगवायचं. जुना, हवेत मुरलेला मिथिलीन ब्लू हवा, ताजा नीट रंग देत नाही. मायक्रोस्कोपखाली चौकोनी टोकांचे निळे दांडे दिसतात आणि प्रत्येकाभोवती गुलाबी कडा, ती गुलाबी कडा म्हणजेच कॅप्सूल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ डोळा काढलाच नाही. पण हे मरणानंतर लवकर करावं लागतं, कारण नंतर कॅप्सूल विरघळते आणि सडवणारे इतर दांडेही तसेच दिसू लागतात, मग कल्चर किंवा पीसीआरशिवाय सांगता येत नाही.

बंद ठेवलं म्हणजे धोका शून्य असं नाही, नाका-गुदातून जे रक्त गळलं त्यातही स्पोर बनतातच. म्हणून ती तोंडं जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाने बंद करतात, कुत्री-कावळे लागू देत नाहीत, कातडं कुणाला काढू देत नाहीत आणि शव, खालची भिजलेली माती, चारा, सगळं जाळतात. ते जमलं नाही तर पाण्यापासून लांब खोल पुरतात. आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवतात, कारण त्याच तबेल्यातल्या बाकीच्या जनावरांना ताप आलाय का हे त्याच दिवशी बघायला लागतं.