शिफ्ट भरली म्हणजे काम सोपवलं असं नाही

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि नेमका तेव्हाच गोव्यातल्या हॉटेलांचा सीझन तापलेला असतो. कुडाळ, सावंतवाडी, चंदगडकडची निम्मी मुलं इथल्या फ्रंट ऑफिसला, त्यामुळे दर नोव्हेंबरला तेच वाक्य ऐकू येतं: "माझी शिफ्ट भरलीय, मी जाऊ ना?" शिफ्ट भरणं आणि काम सोपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्या की मांडवात फोन वाजत राहतो.

शिफ्टची अदलाबदल सगळ्यांना येते. तू माझी शुक्रवारची दुपार कर, मी तुझी मंगळवारची सकाळ करतो. एवढंच बघायचं की बदल रोस्टरवर चढलाय. तोंडी ठरलं आणि बदली माणूस आला नाही, तर गैरहजेरी तुमच्या नावावर लागते. शिवाय अदलाबदलीत त्याची साप्ताहिक सुट्टी उडत नाही ना, किंवा रात्री अकराला सुटून त्याला सकाळी सातला पुन्हा उभं राहावं लागत नाही ना, हेही तपासा.

खरी गफलत पुढे होते. बदली माणूस तुमची वेळ भरतो. तुमचे निर्णय त्याच्याकडे आपोआप जात नाहीत. समजा, २८ ते ३० नोव्हेंबर घरी चुलतबहिणीचं लग्न आहे आणि २८ तारखेलाच वीस खोल्यांचा ग्रुप उतरणार आहे. त्याचा सगळा व्यवहार तुम्ही केलाय. खोल्यांची यादी तुमच्या मेलमध्ये, उरलेले पैसे कधी येणार ते एजंटने तुम्हाला फोनवर सांगितलेलं, दोन खोल्या तळमजल्यावर द्यायचं कबूल केलेलं तुमच्या डोक्यात. बदली काउंटरवर उभा आहे, युनिफॉर्म इस्त्रीचा आहे, आणि त्याला यातलं काही माहीत नाही.

म्हणून त्याला एकच प्रश्न विचारा: "एजंटने ऐनवेळी आणखी दोन खोल्या त्याच दराने मागितल्या तर काय करशील?" तो "तुला फोन करीन" म्हणाला, तर काम अजून तुमच्याकडेच आहे. "दर बदलायचा नाही, ड्यूटी मॅनेजरना विचारून पुढचं" असं म्हणाला, तर काम सोपवलं गेलं. दर, सवलत, परतावा, उशिराचं चेकआउट यांचा अधिकार तुम्ही सहकाऱ्याला देऊच शकत नाही, तो मॅनेजरच देतो. मॅनेजरची भेट मागायची ती यासाठी. नुसती रजा हवी असेल तर अर्ज पुरतो.

आणि इथे मला सर्वांत खटकणारी गोष्ट: "सर, थोडं बोलायचं होतं" हा मेसेज. भर सीझनमध्ये मॅनेजरला त्यात राजीनामाच दिसतो, आणि तो भेट टाळतो किंवा चिडून येतो. विषय सरळ लिहा:

"सर, २८ ते ३० नोव्हेंबर घरी लग्न आहे, रजा हवी आहे. तिन्ही शिफ्टना माणूस मिळालाय. पण २८ च्या ग्रुपचे निर्णय कोण घेणार, ते तुम्हीच सांगू शकाल. उद्या ब्रीफिंगनंतर दहा मिनिटं द्याल का?"

हा मेसेज तिकीट काढायच्या आठवड्यातच जायला हवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी थिवीहून कुडाळचं तिकीट काढायचं आणि साहेबांना मात्र आठवडा उरल्यावर सांगायचं, हे मला अजिबात पटत नाही. रोस्टर लागल्यावर मागितलेली रजा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी कापणं.

भेटीला जाताना एक कागद न्या. अर्ध्या पानात ग्रुपची स्थिती, येणं असलेली रक्कम, कबूल केलेल्या गोष्टी आणि एजंटचा नंबर. परदेशी पाहुणे असतील तर त्यांची नोंद २४ तासांत ऑनलाइन जावी लागते, ती कोण करणार तेही लिहा. या कामाचा लॉगिन एकाच माणसाकडे असेल तर हेच सर्वांत आधी अडतं.

आपला पासवर्ड मात्र कुणालाही देऊ नका, कितीही जवळचा मित्र असो. त्या लॉगिनवर फाटलेलं प्रत्येक बिल आणि शिफ्ट बंद करताना आलेली कॅशची तूट तुमच्या नावावर पडते. बदलीला स्वतःच्या लॉगिनवर हवे ते हक्क मिळवून द्यायचे, आणि ते मॅनेजरने सांगितल्यावर आयटीवाल्याचं पाच मिनिटांचं काम असतं.

भेट झाली की ठरलेलं त्याच दिवशी मेलवर टाका, बदली आणि ड्यूटी मॅनेजर दोघांना त्यात ठेवून. दुसरा मेल एजंटला, बदलीचा नंबर देऊन. हा दुसरा मेल बहुतेक जण विसरतात, आणि मग सगळं नीट सोपवूनही एजंट सवयीने तुमचाच नंबर लावतो.