अँथुरियमचं फूल हिरवं पडतं तेव्हा

लालभडक अँथुरियम दोनेक महिन्यांत हिरवट दिसू लागलं की बहुतेकांचा हात खताच्या पुडीकडे जातो. त्याआधी फुलातल्या दांड्याकडे नीट बघा. तुकतुकीत लाल भाग म्हणजे रंग बदललेलं पानच. खरी फुलं त्या दांड्यावर दाटीनं बसलेली असतात. त्यांचं काम आटोपलं की पानातला लाल रंग ओसरतो आणि हरितद्रव्य परत तयार होतं. दांड्याचा रंगही बुडापासून वर बदलत गेला असेल, तर फूल वयानं हिरवं होतंय. त्यावर औषध नाही. देठ बुडाशी कापावा आणि झाडाची शक्ती पुढच्या फुलाला जाऊ द्यावी.

पण एरवी लाल फुलणाऱ्या झाडाचं नवं फूल उमलतानाच हिरवट असेल, तर उजेड कमी पडतोय किंवा नत्र जास्त होतंय, असा संशय घ्यावा.

तपकिरी डागांची गोष्ट निराळी. समजा, कोथरूडमधली पश्चिमेची गॅलरी आहे आणि एप्रिल चालू आहे. दुपारची हवा एकदम कोरडी, आणि तीननंतर ऊन थेट कुंडीवर. फुलाच्या फक्त उन्हाकडच्या बाजूला कागदासारखा सुका डाग पडला, तर ते ऊन लागलंय. कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्या, किंवा गॅलरीतच ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका, तिथं झाड जगतं पण फुलत नाही.

डाग नसून पानांची टोकंच करपली असतील आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर बोअरचं पाणी आणि खत यांचे क्षार साठलेत. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या. शक्यतो साठवलेलं पावसाचं. मग महिनाभर खत बंद. पुढे १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत. डब्यावरचं प्रमाण पालेभाजीला ठीक, अँथुरियमला जड जातं.

फवाऱ्यानं हवेतला ओलावा वाढतो, पण पुण्याच्या उन्हाळ्यात तो काही मिनिटांत उडून जातो. त्यापेक्षा चार कुंड्या जवळजवळ ठेवा. खाली खडी आणि पाण्याचा ट्रे ठेवला तर थोडी मदत होते. कुंडीचं बूड मात्र पाण्यात नको. कूलरची खोली या झाडाला मानवते, थेट झोत तेवढा टाळावा.

करपलेला भाग पुन्हा लाल होत नाही. उपाय लागू पडला का, हे नव्या पानावरून कळतं. सामान्यतः प्रत्येक पानाच्या बगलेतून एकच फूल येतं. म्हणून पान निरोगी निघालं की त्याच्या देठापाशी कळीची वाट बघायची.