‘डोकं फुटतंय’ अरबीत कसं सांगायचं?

अरबी शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक धडा हमखास असतो, तो दवाखान्याचा. माणसं दोनच, दुखणं साधं आणि वाक्यं आखूड. आधी तो संवादच वाचू. एक खूण मात्र लक्षात ठेवा: ‘ऽ’ दिसेल तिथे ‘ऐन’ नावाचा घशातला आवाज आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

रुग्ण: अस्सलामु ऽअलैकुम, या दुक्तूर. (नमस्कार, डॉक्टर.)
डॉक्टर: व ऽअलैकुमुस्सलाम. तफद्दल, इज्लिस. मा बिक? (या, बसा. काय होतंय तुम्हाला?)
रुग्ण: ऽइन्दी सुदाऽ व सुऽआल. (डोकं दुखतंय आणि खोकला आहे.)
डॉक्टर: मुन्दु मता? (कधीपासून?)
रुग्ण: मुन्दु यौमैन. (दोन दिवसांपासून.)
डॉक्टर: हल ऽइन्दक हुम्मा? (ताप आहे का?)
रुग्ण: नऽअम, फिल्लैल. (हो, रात्री येतो.)
डॉक्टर: इफ्तह फमक. तनफ्फस बिऽउम्क़. (तोंड उघडा. खोल श्वास घ्या.) हादा ज़ुकाम बसीत. (साधी सर्दी आहे.) खुद हादश्शराब, मिल्ऽअक़ा वाहिदा, थलाथ मर्रात फिल् यौम, बऽदल् अक्ल. (हे औषध एक चमचा, दिवसातून तीनदा, जेवणानंतर घ्या.)
रुग्ण: शुक्रन.
डॉक्टर: बिश्शिफा. (बरे व्हा.)

‘शराब’ वाचून दचकू नका. श-र-ब म्हणजे पिणं, आणि पिण्याजोगं ते शराब. औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीवर हाच शब्द छापलेला असतो. आपलं ‘सरबत’ याच घरातलं. अरबीत दारूला ‘खम्र’ म्हणतात.

आता संवादातली तीन दुखणी शेजारी मांडा: सुदाऽ, सुऽआल, ज़ुकाम. डोकेदुखी, खोकला, सर्दी. तिन्ही शब्दांची चाल एकच आहे. पहिल्या व्यंजनाला उकार, दुसऱ्याला लांब आकार, तिसरं मोकळं. हा योगायोग नाही. अरबी शब्द बहुतेक वेळा तीन व्यंजनांच्या मुळापासून घडतो आणि त्या व्यंजनांमध्ये स्वर कसे बसवायचे याचे साचे ठरलेले असतात. मूळ म्हणजे पीठ, साचा म्हणजे सोऱ्याची चकती. पीठ तेच ठेवून चकती बदलली की चकलीची शेव होते. दुखण्यांच्या या साच्याला अरबी वैयाकरण ‘फुऽआल’ म्हणतात.

सुदाऽचं मूळ स-द-ऽ, अर्थ तडा जाणं, दुभंगणं. ते दुखण्याच्या साच्यात घातलं की ‘तडकण्याचं दुखणं’, म्हणजे डोकेदुखी. आपण वैतागून ‘डोकं फुटतंय’ म्हणतो ते अरबीच्या शब्दातच बसलेलं आहे. द-व-र म्हणजे फिरणं. ‘दौरा’ मराठीत त्याच मुळातून आला. त्याचा ‘दुवार’ केला की चक्कर. शिंका येणं ‘ऽउतास’, नाकातून रक्त येणं ‘रुऽआफ’, कुष्ठरोग ‘जुदाम’.

हा साचा जुना आहे, पण गंजलेला नाही. आठव्या शतकातल्या सीबवैह या वैयाकरणाने त्याची नोंद केली होती. विसाव्या शतकात मानसशास्त्रासाठी अरबी शब्द हवे झाले तेव्हा त्याच साच्यातून नवे काढले गेले. ‘ऽअसब’ म्हणजे मज्जातंतू, त्यावरून ‘ऽउसाब’, म्हणजे मनाचा चिंताविकार. ‘रहबा’ म्हणजे धास्ती, त्यावरून ‘रुहाब’, म्हणजे फोबिया. दुभंगण्याच्याच एका मुळावरून ‘फुसाम’, म्हणजे स्किझोफ्रेनिया. कैरोच्या अरबी भाषा अकादमीने, जी 1932 साली स्थापन झाली, असे शब्द घडवण्याला नियम म्हणून मान्यता दिली. अरबी वाचकाला असा शब्द पहिल्यांदा भेटला तरी हे काहीतरी दुखणं आहे एवढं त्याच्या कानाला आधीच कळतं.

कान फसतोही. ‘गुराब’ म्हणजे कावळा आणि ‘तुराब’ म्हणजे माती, चाल तीच. आवाजांचे शब्दही याच चालीचे असतात, कुत्र्याचं भुंकणं ‘नुबाह’. आपल्याला सगळ्यात जास्त चकवतो तो ‘बुखार’. हिंदीमुळे आपल्या तोंडी तो तापासाठी आहे आणि ऐकायला साच्यातही चपखल बसतो. पण अरबीत बुखार म्हणजे वाफ. ‘ऽइन्दी बुखार’ म्हणणारा भारतीय रुग्ण ‘माझ्याकडे वाफ आहे’ असं सांगत असतो. तापाला शब्द ‘हुम्मा’, आणि तो या साच्यातला नाही.

सूज-दाहाची कथा वेगळी. ‘लहब’ म्हणजे ज्वाळा, त्यावरून ‘इल्तिहाब’, पेट घेणं. त्यापुढे अवयवाचं नाव लावलं की आजार तयार. टॉन्सिल सुजले की ‘इल्तिहाबुल् लौज़तैन’, शब्दशः ‘दोन बदामांनी पेट घेतला’. घशात डोकावून टॉन्सिलना बदाम म्हणणाऱ्या माणसाची नजर मला फार आवडते.

त्या ‘लौज़तैन’मधलं शेवटचं ‘ऐन’ (हा ऐ-न, घशातला नव्हे) म्हणजे द्विवचन. शाळेत संस्कृतात ‘देवः, देवौ, देवाः’ घोकलं होतं, तोच प्रकार. संवादात रुग्ण ‘यौमैन’ म्हणाला. त्यात ‘दोन’ असा वेगळा शब्द कुठेच नाही, तो ‘यौम’च्या शेपटात दडला आहे. दिवस मोजण्यात चूक झाली तर फार बिघडत नाही, पण गोळीचं तसं नाही. ‘हब्बा’ म्हणजे दाणा, आणि गोळीही. ‘खुद हब्बा’ म्हणजे एक गोळी घ्या. ‘खुद हब्बतैन’ म्हणजे दोन. ‘थलाथ हब्बात’ म्हणजे तीन. नवशिका कान ‘इथ्नैन’ हा दोनचा आकडा शोधत राहतो, तो येतच नाही, आणि माणूस एक गोळी घेऊन मोकळा होतो. उपाय साधा आहे. बोटं दाखवून विचारा: ‘हब्बतैन?’

आता राहिलेला ऐन. अरबीच्या वर्गात रुग्णाची भूमिका माझ्याकडे आली होती. मी छातीवर हात ठेवून ऐटीत म्हटलं, ‘ऽइन्दी सुआल.’ शिक्षक हसले नाहीत. म्हणाले, ‘तफद्दल, इस्अल.’ म्हणजे, ‘हं, विचारा.’ सुआल म्हणजे प्रश्न, आपला ‘सवाल’. मला खोकला सांगायचा होता, तो सुऽआल. फरक एका व्यंजनाचा, आणि ते व्यंजन मराठीत नाही.

प्रश्नातल्या ‘सु’ आणि ‘आल’मध्ये आवाज पूर्ण तुटतो. लहान मुलाला नको म्हणताना आपण तोंड न उघडता ‘अं-अं’ करतो, त्या दोन ‘अं’मधली तोड तीच. स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटतात. खोकल्यातल्या ऐनाला आवाज तुटत नाही, आवळला जातो. जिभेचं मूळ मागे घशाच्या भिंतीकडे ओढलं जातं, वाट अरुंद होते आणि स्वर त्या चिंचोळ्या जागेतून पिळून निघतो. तपासायचं असेल तर शब्द अगदी सावकाश म्हणा. मध्ये शांतता झाली तर तुम्ही प्रश्न विचारलात. सलग घोगरा आवाज राहिला तर खोकला सांगितलात. तसंच ‘अलम’ म्हणजे वेदना, ‘ऽअलम’ म्हणजे झेंडा.

दुसरी जोडी हृदयाची. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. क़ हा पडजिभेपाशी काढायचा, आपल्या क-पेक्षा बराच मागे. डॉक्टर ‘इफ्तह फमक’ म्हणून तोंड उघडायला लावतात तेव्हा मागे लोंबताना दिसते तीच ही पडजीभ. मराठी क वापरून छातीत दुखत असल्याचं सांगितलं तर वाक्य ‘माझ्या कुत्र्यात दुखतंय’ असं होतं. छातीवरचा हात पाहून डॉक्टर समजून घेतात, फोनवर मात्र हात दिसत नाही.

इथे एक गोष्ट पुस्तकं सहसा सांगत नाहीत. वरचा संवाद ज्या भाषेत आहे ती ‘फुस्हा’, म्हणजे प्रमाण अरबी. ती बातम्यांत, पुस्तकांत, औषधाच्या चिठ्ठीत असते. घरी ती कुणीच बोलत नाही. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली एकाच समाजातल्या अशा दोन थरांच्या भाषेवर गाजलेला लेख लिहिला, त्यातलं एक मुख्य उदाहरण अरबीचंच होतं. खऱ्या दवाखान्यात कैरोचा डॉक्टर ‘बितिश्तिकी मिन एह?’ असं विचारतो, आखातातला ‘श्फीक?’ म्हणतो. इजिप्तचा रुग्ण खोकल्याला ‘कुह्हा’ म्हणतो, डॉक्टर चिठ्ठीवर ‘सुऽआल’ लिहितो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. कुत्र्याचा घोटाळाही बोलीत आपोआप मिटतो: आखातात हृदय ‘गल्ब’ होतं, कैरोत ‘अल्ब’.

मग फुस्हातला संवाद शिकायचा कशाला? एक तर चिठ्ठी आणि बाटली त्याच भाषेत असतात. शिवाय बहुतेक अरब देशांत वैद्यकाचं शिक्षण इंग्रजी किंवा फ्रेंचमधून होत असलं तरी सीरियात, दमास्कस विद्यापीठात, ते अरबीतून चालत आलं आहे. तिथे ‘इल्तिहाब’ हा पाठ्यपुस्तकातलाच शब्द आहे.

कामाचे शब्द असे:

तबीब: डॉक्टर. हाक मारताना ‘दुक्तूर’.
मरीद: रुग्ण.
ऽइयादा: दवाखाना. मूळ अर्थ आजाऱ्याला भेटायला जाणं. तेव्हा वैद्य घरी यायचा, आता आपण जातो, शब्द तोच राहिला.
दवा: औषध. ‘दवाखाना’तला पहिला तुकडा अरबी, दुसरा फारसी.
ऽइलाज: उपचार. आपला ‘इलाज’.
रास: डोकं. बत्न: पोट. सद्र: छाती. हल्क़: घसा. फम: तोंड.
हरारा: उष्णता, शरीराचं तापमान.
हसासिय्या: ॲलर्जी. ‘ऽइन्दी हसासिय्या मिन…’ म्हणून पुढे औषधाचं नाव घ्यायचं. एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा.
क़ब्ल: आधी. बऽद: नंतर.
ऽअलर्रीक़: अनशेपोटी. शब्दशः ‘थुंकीवर’, म्हणजे सकाळपासून पोटात थुंकीशिवाय काही गेलेलं नाही.

या यादीत ‘तब्येत’ नाही, आणि ती तबीबाची कुणी लागतही नाही. तबीब त-ब-ब मुळाचा, तब्येत त-ब-ऽ मुळाची, अर्थ स्वभाव, घडण. शेवटचा ऐन मराठीत येता येता गळून पडला, म्हणून दोघं सख्खे वाटतात.