दाजींच्या शेडमध्ये ऊन संध्याकाळी सातला का चढलं?

केज तालुक्यात आमच्या दाजींची रेशीम शेती आहे. तुतीची बाग, शेजारी पत्र्याची शेड, आत रॅक. मे महिन्यात शेड रिकामी होती, म्हणून दाजींनी मला कामाला लावलं: पत्र्याखाली नेमकं किती तापतं ते मोजून दे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात बॅच घ्यायची की नाही ते ठरवता येईल. मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. घरात पडलेला एक डीएचटी२२ सेन्सर आणि छोटा बोर्ड घेतला, बॅटरी जोडली आणि पारा ३८ अंशांच्या वर गेला की मोबाइलवर मेसेज यावा अशी सोय केली.

आठवडा गेला, मेसेज काही आला नाही. आकडे उघडून पाहिले तर दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान ३७ आणि तेही संध्याकाळी सात वाजता. दाजींनी भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगलेला होता. तो दुपारी तीनला ४२ दाखवायचा.

“सात वाजता कधी ऊन असतंय का रे?” दाजी म्हणाले. “तुझं यंत्र दुपारी झोपायलंय अन् दिवस बुडताना उठायलंय.”

सेन्सर ठणठणीत होता. चूक माझ्या एका ओळीत होती:

```
y = 0.9*y + 0.1*x;
```

इथे `x` म्हणजे सेन्सरचं ताजं वाचन आणि `y` म्हणजे आपण नोंदवतो तो आकडा. नवा आकडा काढताना जुन्याचे नऊ हिस्से घ्यायचे आणि ताज्याचा एक हिस्सा मिसळायचा. विरजण लावण्यासारखाच प्रकार. सेन्सरचं वाचन उगाच थरथरतं, ते गुळगुळीत व्हावं म्हणून ही ओळ घालतात. हा एक डिजिटल फिल्टर आहे, बहुधा जगातला सगळ्यात छोटा.

दिवसाचं तापमान ढोबळपणे एका लाटेसारखं वरखाली होतं. ती लाट नीटस आहे असं घटकाभर धरू: मध्य ३४ अंश, त्याच्या वरखाली ८ अंश, म्हणजे दुपारी तीनला ४२ आणि पहाटे तीनला २६. अशी साइन लाट फिल्टरमध्ये घातली तर बाहेर काय येईल?

हा फिल्टर तीनच गोष्टी करतो: मागचा आकडा लक्षात ठेवतो, आकड्याला कशाने तरी गुणतो आणि बेरीज करतो. चोवीस तासांची लाट थोडी मागे सरकवली तरी ती चोवीस तासांचीच राहते. तिला गुणलं तर फक्त उंची बदलते. अशा दोन लाटांची बेरीज केली तरी पुन्हा चोवीस तासांचीच साइन लाट मिळते. म्हणजे बाहेर येणाऱ्या लाटेत बदलण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या: ती किती बुटकी झाली आणि किती मागे पडली.

हे दोन्ही आकडे कंपास आणि कोनमापकाने काढता येतात. मी पोरांना तसंच काढायला लावतो, कारण सूत्र पाठ करून हे डोक्यात बसत नाही. लाटेऐवजी फिरणारा काटा कल्पा, चोवीस तासांत एक फेरा मारणारा. वाचन तासाला एक असेल तर दर वाचनाला काटा १५ अंश पुढे जातो. (इथून पुढे कोनाचे अंश आणि उन्हाचे अंश यांची गल्लत होऊ देऊ नका, वर्गात हमखास होते.)

आता कागदावर फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या लाटेचा काटा १० सेंटीमीटर लांबीचा काढा. एका तासापूर्वी तो १५ अंश मागे होता. त्याचे नऊ दशांश, म्हणजे ९ सेंटीमीटरचा दुसरा काटा, त्याच केंद्रातून १५ अंश मागे काढा. आपली ओळ सांगते की आत्ताच्या `y` मधून जुन्या `y` चे नऊ दशांश वजा केले की उरतो तो `x` चा दहावा हिस्सा. कागदावर ही वजाबाकी म्हणजे ९ च्या टोकापासून १० च्या टोकापर्यंत काढलेली रेघ. मोजून बघा, जेमतेम २.७ सेंटीमीटर भरते. हिशेबाने २.६७. ती जर दहावा हिस्सा असेल तर आत येणारा काटा २६.७ सेंटीमीटरचा असला पाहिजे. आत २६.७, बाहेर १०. म्हणजे लाट ०.३७ पट झाली. कोनमापक लावलात तर ती रेघ आपल्या १० सेंटीमीटरच्या काट्याच्या सुमारे ६१ अंश पुढे दिसेल. आत येणारी लाट ६१ अंश पुढे आहे, म्हणजेच बाहेरची तेवढी मागे आहे. तासाला १५ अंश या दराने ६१ अंश म्हणजे चार तास आणि वर थोडी मिनिटं.

दाजींच्या शेडचा हिशेब इथेच लागतो. ८ अंशांचा चढउतार ०.३७ ने गुणला की ३ अंश उरतो. मध्य ३४ चा ३४ च राहतो, कारण न बदलणाऱ्या आकड्यासाठी काटा फिरतच नाही: १० आणि ९ एकमेकांवर येतात, रेघ १ सेंटीमीटरची होते आणि आत-बाहेर सारखंच निघतं. म्हणून कमाल आकडा ३४ अधिक ३, म्हणजे ३७. आणि दुपारचे तीन अधिक चार तास म्हणजे संध्याकाळचे सात. ३८ चा मेसेज येणार तरी कुठून?

दर वाचनाला वेगवेगळा कोन घेऊन हीच आकृती पुन्हा पुन्हा काढली आणि प्रत्येक कोनासमोर पट आणि मागे पडणं लिहून ठेवलं, की तयार होतो त्या फिल्टरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. एकदा तो हाताशी असला की कुठल्याही साइन लाटेसाठी ओळीनओळ हिशेब करत बसायचं कारण नाही. लाटेचा कोन शोधायचा, पट आणि अंश वाचायचे, काम झालं. कोन शून्यापासून १८० पर्यंतच घ्यायचा. १८० म्हणजे एक वाचन वर, पुढचं खाली. तिथे दोन्ही काटे विरुद्ध दिशांना जातात, रेघ १९ सेंटीमीटरची होते आणि लाट एकोणिसाव्या हिश्श्यावर येते. सेन्सरची थरथर मरते ती इथे, आणि त्यासाठीच तर ही ओळ घातली होती.

मग बिघडलं कुठे? ही ओळ मी मुळात मिनिटाला एक वाचन घेणाऱ्या बोर्डासाठी लिहिली होती. तिथे चोवीस तासांची लाट दर वाचनाला फक्त पाव अंश सरकते. दोन्ही काटे जवळजवळ एकमेकांवर, लाट ०.९९९ पट, उशीर नऊ मिनिटं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. शेडवर बॅटरी टिकावी म्हणून मी वाचन तासाला एक केलं आणि ०.९ तसाच ठेवला. फिल्टरला तास-मिनिटं कळत नाहीत. त्याला कळतो तो फक्त दोन वाचनांमधला कोन, आणि तो मी साठपट केला होता.

इथे “हा फिल्टर किती उशीर करतो?” असं विचारलं तर एकच उत्तर नाही. आमच्या तासाच्या फिल्टरमध्ये आठवडाभर हळूहळू वाढणारा उन्हाळा नऊ तास मागे पडतो, दिवसाची लाट चार तास, तर बारा तासांची लाट दोन तासांहून जरा जास्त. खरा दिवस नीटस साइन नसतोच. सूर्य उगवल्यावर पारा भराभर चढतो आणि रात्री रेंगाळत उतरतो, तळही पहाटे तीनला नसून दिवस उगवायच्या सुमारास असतो. असा आकार म्हणजे चोवीस, बारा, आठ तासांच्या लाटांची बेरीज. फिल्टर प्रत्येकीला वेगळ्या पटीने बुटकं करतो आणि वेगळ्या तासांनी मागे टाकतो, म्हणून बाहेर दिवसाचा आकारही बदललेला दिसतो. तरी मुख्य लाट चोवीस तासांचीच, त्यामुळे सातचा हिशेब फारसा चुकत नाही.

आता एक अट, जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. हा सगळा हिशेब यंत्र सुरू होऊन पुरेसा वेळ गेल्यानंतरचा आहे. मी बोर्ड सकाळी नऊला चालू केला तेव्हा `y` शून्य होता. शेडमध्ये ३४ अंश असताना पहिलाच आकडा आला ३.४. पाहून दाजी म्हणाले, “महाबळेश्वर आलं की घरात.” बाहेर येणाऱ्या आकड्यात खरं तर दोन भाग असतात: एक वर काढलेली लाट आणि दुसरा सुरुवातीची चूक, जी दर वाचनाला ०.९ ने गुणली जाते. आमची चूक पहिल्या वाचनाच्या आधी ३१ अंशांची होती. एका दिवसानंतर तिचे अडीच अंश उरले, दोन दिवसांनी ०.२. तिसऱ्या दिवसापासून फक्त लाट राहिली. सुरुवातीला `y` मध्ये पहिलं वाचन भरून ठेवलं असतं तर महाबळेश्वर टळलं असतं, एवढंच.

चूक विरली ती ०.९ हा आकडा एकाहून लहान आहे म्हणून. फिल्टर स्थिर असणं म्हणजे हेच. समजा हात घसरून मी `y = 1.1*y - 0.1*x` लिहिलं असतं. कंपास घेऊन बसलात तर कागद याचंही उत्तर देतो: दिवसाची लाट ०.३४ पट, दिसायला अगदी सभ्य. पण यंत्रात सुरुवातीची एक अंशाची चूक दुसऱ्या दिवशी जवळपास १० अंशांची, तिसऱ्या दिवशी ९७ ची आणि चौथ्या दिवशी साडेनऊशेची होते. कागदावरची ती लाट आत कुठेतरी असते खरी, पण ती कुणाला कधी दिसत नाही. म्हणून रिस्पॉन्स वाचण्याआधी फिल्टर स्थिर आहे का ते बघावं लागतं. आलेख स्वतःहून सांगत नाही.

दुरुस्ती साधी होती. बोर्ड तासाला एकदाच जागा होतो, पण आता जागा झाला की दोन-दोन सेकंदांनी दहा वाचनं घेतो, त्यांची सरासरी नोंदवतो आणि झोपतो. थरथर त्या वीस सेकंदांतच जिरते आणि एका तासाचा आकडा दुसऱ्यात मिसळत नाही. ०.९ ची ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत दाजींचा फोन आला. “मेसेज आला बघ, ३८ च्या वर गेलं म्हणून. मला तर पत्र्याखाली हुबं राहूनच कळालं होतं.”