अचानक धनलाभ: अष्टमाचा की लाभस्थानाचा?

"अष्टमात बलवान ग्रह आहे, म्हणजे शेअर बाजारातून अचानक पैसा येणार." हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं की ते कुठल्या तरी ग्रंथातलं सूत्र असावं असं वाटू लागतं. अष्टमाशी 'अचानक' जोडलेलं आहे, हे खरं. एकादशाचं तर नावच लाभस्थान. मग दोन्हींची बेरीज करून 'अचानक लाभ' असा अर्थ लावला जातो आणि जातक निघतो ऑप्शन घ्यायला. सगळा घोटाळा या बेरजेत आहे.

पंचमाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं: बुद्धी, संतती, मंत्र, पूर्वपुण्य आणि सट्टा. एवढंच लक्षात ठेवा की पंचम माणसाला खेळायला बसवतं. अंदाज बांधायची आवड, जोखीम घ्यायची हौस, आपलं गणित बरोबर आहे हा विश्वास, हे सारं पंचमाचं. डावातून उठताना खिशात काय असेल हे ते सांगत नाही. पंचमेश बलवान म्हणून 'ट्रेडिंगचा योग' सांगणं म्हणजे भूक चांगली लागते म्हणून स्वयंपाक चांगला होईल असं सांगणं. दरमहा एसआयपी भरणाऱ्यालाही पंचमावरून धाकात ठेवणारे ज्योतिषी आहेत, त्यांच्याशी तर वादच नको. वर्षानुवर्षं सांभाळलेली गुंतवणूक द्वितीय आणि लाभ या स्थानांवरून पाहावी. इथे विषय फक्त इंट्राडे आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचा आहे.

आता मुख्य मुद्दा. फ्युचर्स किंवा ऑप्शनच्या प्रत्येक सौद्यात समोर कोणीतरी असतो. तुम्ही विकत घेतलं ते त्याने विकलेलं असतं. खर्च बाजूला ठेवला तर तुमचा नफा हा त्याचा तोटा आणि त्याचा नफा हा तुमचा तोटा. कुंडलीत हा समोरचा माणूस सप्तमात बसतो. म्हणून सट्ट्याचा प्रश्न आला की कृष्णमूर्ती पद्धतीचे अभ्यासक स्थानं दोनदा मोजतात, एकदा लग्नापासून आणि एकदा सप्तमापासून. लग्नापासून द्वितीय म्हणजे माझी तिजोरी, षष्ठ म्हणजे स्पर्धेत माझी सरशी आणि एकादश म्हणजे माझा लाभ. हीच तीन स्थानं सप्तमापासून मोजून पाहा. सप्तमाचं द्वितीय येतं अष्टमात, सप्तमाचं षष्ठ येतं व्ययात आणि सप्तमाचं एकादश येतं पंचमात. म्हणजे पाच, आठ आणि बारा ही समोरच्याची तिजोरी, त्याची सरशी आणि त्याचा लाभ.

हे एकदा नीट बसलं की पंचम-अष्टमाची जोडी पाहून आनंद होत नाही. दशास्वामी या दोन स्थानांचा कार्येश असेल आणि द्वितीय किंवा एकादशाशी त्याचा संबंध नसेल, तर सौदे भरपूर होतील, थरार भरपूर असेल आणि पैसा समोरच्याकडे जाईल.

मग अष्टमातून पैसा येतच नाही का? येतो, पण तो दुसऱ्याचा असतो. वारसा, विम्याची रक्कम, जोडीदाराकडचं धन, कर्ज, हे सगळं अष्टमाचं. बाजारात अष्टमाचा सगळ्यात नेमका चेहरा म्हणजे मार्जिन. थोडी रक्कम ठेवून कितीतरी पट मोठा सौदा अंगावर घेता येतो आणि स्क्रीनवरचा मोठा आकडा पाहून तो आपलाच आहे असं वाटतं. अष्टमाच्या पैशामागे हिशेब चुकता करायची वेळ येतेच. फ्युचर्समध्ये ती रोज येते, कारण दिवसाअखेरच्या भावाने फरक खात्यातून वळता होतो आणि मार्जिन कमी पडलं की भर घालावी लागते किंवा सौदा कापला जातो. एकादशाच्या पैशामागे असं देणं राहत नाही. सौदा बंद झाला, खर्च वजा झाला, रक्कम बँकेत आली, तिथे विषय संपतो. म्हणून 'अचानक धनलाभ' सांगणाऱ्याला एकच विचारा: अष्टमाबरोबर द्वितीय आणि एकादश आहेत, की पंचम आणि व्यय? पहिल्या जोडीने वारसा किंवा विमा मार्गी लागतो. दुसऱ्या जोडीने मार्जिन कॉल येतो.

स्थिर लग्नांना हा पेच जास्त छळतो. सिंह लग्नाला पंचमात धनु आणि अष्टमात मीन, म्हणजे दोन्हींचा स्वामी गुरूच. कुंभ लग्नाला तीच गत बुधाची. उलट वृषभ लग्नाला अष्टम आणि लाभ दोन्ही गुरूकडे, वृश्चिकेला दोन्ही बुधाकडे. या शेवटच्या दोन लग्नांना तर केवळ राशीस्वामी पाहून काहीच ठरत नाही, कारण एकच ग्रह देणाराही आहे आणि अडकवणाराही. अशा वेळी तो ग्रह कोणाच्या नक्षत्रात आहे ते पाहावंच लागतं.

एक कुंडली मांडून पाहू. लग्न सिंह. गुरू स्वराशीला मीनेत, अष्टमात, पूर्वाभाद्रपदेच्या चौथ्या चरणात, म्हणजे स्वतःच्याच नक्षत्रात. त्याच चरणात केतू. बुध, जो इथे द्वितीय आणि लाभ दोन्हींचा स्वामी आहे, लग्नात पूर्वाफाल्गुनीत, आणि त्या नक्षत्राचा स्वामी शुक्र लाभात. गुरूची महादशा चालू आहे. वरवर पाहणारा म्हणेल, पंचमेश स्वगृही, सोळा वर्षं चांदी. पण हा गुरू राशीने, स्थानाने आणि नक्षत्राने फक्त पाच आणि आठ बोलतो. त्याच्याकडे अकराचं नाव नाही.

महादशेची सुरुवात गुरूच्याच अंतर्दशेने, २ वर्षं १ महिना १८ दिवस. या काळात बाजाराची गोडी लागते, क्लास लावले जातात, छोटे सौदे होतात. पुढे शनीची २ वर्षं ६ महिने १२ दिवस. त्यानंतर बुधाची अंतर्दशा, २ वर्षं ३ महिने ६ दिवस. बुध लाभेश, नक्षत्रस्वामी लाभात, त्यामुळे पैसा खरोखर हाती येतो. इथेच गाडी घसरते. जातकाला वाटतं आपल्याला बाजार कळला. तो एका लॉटचे चार लॉट करतो, घरावर टॉप-अप कर्ज काढून मार्जिन भरतो. बुध संपताना त्याचा सौदा सगळ्यात मोठा असतो आणि लगेच केतूची अंतर्दशा सुरू होते, ११ महिने ६ दिवसांची. केतू गुरूच्या राशीत, गुरूच्या नक्षत्रात, गुरूसोबत, अष्टमात. महादशा पाच-आठची, अंतर्दशाही पाच-आठची. सव्वादोन वर्षांत मिळालेलं सगळं घालवून वर कर्ज ठेवायला अकरा महिने पुरतात, कारण मिळवताना लॉट एक होता आणि घालवताना चार.

याच कुंडलीत गुरू मीनेतच, पण रेवती नक्षत्रात असता, तर तो बुधाच्या नक्षत्रात गेला असता आणि अष्टमात बसूनही द्वितीय-लाभाची फळं देऊ शकला असता. रास तीच, स्थान तेच आणि उत्तर उलटं. 'अष्टमात स्वगृही गुरू' एवढ्यावर बोलणारा दोन्ही जातकांना एकच भविष्य सांगेल.

जुने ज्योतिषी या प्रश्नावर हात आखडता का घेतात, त्याचं एक कारण तांत्रिक आहे. लाभ होणार की नाही याचा शेवटचा निर्णय कृष्णमूर्ती पद्धतीत लाभाच्या भावारंभाचा सब करतो, आणि सब फार लहान असतात. नक्षत्र १३ अंश २० कलांचं. त्याचे विंशोत्तरीच्या प्रमाणात नऊ तुकडे पडतात, तेच सब. शुक्राचा सब २ अंश १३ कलांहून थोडा मोठा, पण रवीचा फक्त ४० कलांचा. भावारंभ साधारण ४ मिनिटांत एक अंश सरकतो. म्हणजे रवीचा सब पावणेतीन मिनिटांच्या आतच बदलतो. जन्मवेळ 'दहा वाजून पंधरा' अशी पाचाच्या पटीत लिहिलेली असेल, आणि बहुतेकांची तशीच असते, तर लाभाचा सब नक्की कोणता हेच सांगता येत नाही. आयुष्यात घडून गेलेल्या चार-पाच घटना तपासून वेळ शुद्ध केल्याशिवाय सट्ट्यावर बोलणाऱ्याचं ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण कुंडलीबाहेरचं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. या ९३ टक्क्यांमध्ये बाराही लग्नांचे लोक होते, स्वगृही पंचमेशवाले होते आणि लाभात गुरू असलेलेही होते. कुंडलीतला योग फार तर काळाचा कल सांगतो. ब्रोकरेज, कर आणि समोरच्या बाजूला बसलेल्या मोठ्या संस्थांचं यंत्रबळ त्यात कुठेच दिसत नाही. रक्कम तर मुळीच दिसत नाही. लाभेशाची अंतर्दशा पाच हजारांनीही खरी ठरते, पण जातक पाच लाख धरून बसलेला असतो.

म्हणून जाणकार ज्योतिषी बाजाराच्या प्रश्नावर दोनच गोष्टी सांगतो: पाच-आठ-बाराच्या काळात सौदा वाढवू नका आणि कर्जाच्या पैशाने अजिबात खेळू नका. दोन-सहा-अकराच्या काळातही नफा बँकेत वळता करून मग पुढचा सौदा करा, तोही आधी होता त्याच आकाराचा. 'कोणता शेअर घेऊ' याला तो उत्तर देत नाही. बुधावरून आयटी आणि शनीवरून पोलाद काढणं हा माझ्या मते नुसता चाळा आहे. शिवाय फी घेऊन विशिष्ट शेअरचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते, मग तो सल्ला ताळेबंदावरून काढलेला असो वा पत्रिकेवरून.